वरून दोन हात प्लास्टिक

मल्लेशम चिलवेरी रंगारी म्हणून वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचून कुणी म्हणेल, असला माणूस! तर तसा तो नव्हता. सोलापुरात अशोक चौकापासून जुळे सोलापूरपर्यंत त्याच्या हाताच्या भिंती आहेत, आणि छत रंगवताना खाली अंथरलेल्या पोत्यावर त्याचा एक थेंब पडला तर जोडीदार त्याची तब्येत विचारत. हाताला एवढा सफाईदार माणूस तोंडाने दोनदा चुकला, तेही तीन-चार शब्दांत. पण काही चुकांना तेवढे शब्दही पुष्कळ होतात.

त्याचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मल्लेशम चौदा वर्षांचा होता. घरात सगळे तेलुगू बोलणारे, घरोघरी माग नाहीतर विडी, पण मल्लेशमला मागाच्या खटखटीने डोकं दुखायचं. म्हणून तो मकबूल उस्तादांच्या हाताखाली गेला. त्या काळी रंग म्हणजे चुना. पिंपात कळीचा चुना विझवायचा, त्यात नीळ, डिंक, मीठ. जरा बरं घर असेल तर सुक्या डिस्टेंपरची पुडी, तीत सरस शिजवून घालायचा आणि त्या वासाने दोन दिवस जेवण गोड लागायचं नाही. पुढे तयार डिस्टेंपरच्या बादल्या आल्या. दह्यासारखा दाट लगदा, किलोवर मिळणारा, पाणी घालून सैल केला की झालं. त्यानंतर आला इमल्शन. पण ते नाव फक्त डब्यावर राहिलं. रंगारी त्याला 'प्लास्टिक'च म्हणतात. हा लिटरवर मिळतो, महाग असतो, आणि वाळला की भिंतीवर त्याची खरोखर पातळ कातडी बसते. त्यावर ओलं फडकं मारा, डाग जातो, रंग राहतो. डिस्टेंपरवर फडकं मारलं तर डागही जातो, रंगही जातो आणि फडकंही वाया.

उस्तादांनी त्याला एक गोष्ट शिकवली होती. जुन्या भिंतीवरून तळवा फिरवायचा. तळव्याला पीठ लागलं तर भिंत खालपासून खरवडायची. पिठावर काही टिकत नाही. डिस्टेंपरवर डिस्टेंपर मारला तर तो बिचारा पिठावर पीठ होऊन पडून राहतो. पण प्लास्टिकची कातडी वाळताना आवळते, आणि आवळली की खालचं पीठ घेऊनच सुटते. उस्ताद म्हणायचे, "बेटा, आधी जमीन, मग शेत."

आणि बाजाराने त्याला दुसरी गोष्ट शिकवली: भाड्याच्या घराला डिस्टेंपर, मालकाच्या घराला प्लास्टिक. भाडेकरू अकरा महिन्यांचा करार करून येतो, खिळे ठोकतो, उदबत्तीचा धूर करतो आणि जातो. मालक पुन्हा एक हात डिस्टेंपर मारतो आणि नव्याला म्हणतो, बघा, नवंकोरं घर. यात गैर काही नाही. जगातली निम्मी नवीकोरी घरं अशीच असतात.

मल्लेशमचा मोठा मालक म्हणजे हुलसुरे अण्णा. शिवशंकर हुलसुरे. तूरडाळीच्या आडतीतून वर आलेला माणूस, विजापूर रोडला चौदा फ्लॅट, सगळे भाड्याने. यातला एक ना एक रिकामा व्हायचाच, म्हणून मल्लेशमला बारा महिने काम. अण्णा त्याला 'काय बे' म्हणायचे, पण चहा आपल्या बरोबरीने पाजायचे. सोलापुरात 'काय बे' म्हणणारा माणूस जवळचा समजावा.

त्या नोव्हेंबरात दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला मल्लेशम फिकट पिवळा डिस्टेंपर मारत होता. एक हात झाला होता. दुपारी एक बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, किडकिडीत, हातात कापडी पिशवी. त्या निर्मला क्षीरसागर. नवऱ्याचं थोडं निवृत्तिवेतन आणि नव्या पेठेतल्या दुकानांच्या साड्यांना फॉल-पिको, यावर त्यांचं चालत होतं. एक तारखेपासून त्या इथे राहायला येणार होत्या. घर बघायला आलेल्या माणसाची नजर आधी स्वयंपाकघरात जाते, नळाला पाणी येतं का बघते. या बाई सरळ भिंतीपाशी गेल्या.

"मामा, हे पुसता येतं का हो?"

"काय पुसायचंय?"

"पेन्सिल. कोळसा. कधी हळद."

मल्लेशम हसला. "घरात लहान पोर हाय का?"

"आहे," बाई म्हणाल्या. "एकवीस वर्षांची."

मग त्या दाराच्या उंबऱ्यावरच बसल्या आणि त्यांनी सांगितलं. त्यांची लेक वैजयंती, वैजू. अंगाने बाई, मनाने पाच वर्षांची. स्वभावाने इतकी गरीब, की मांजर ताटातली पोळी घेऊन गेलं तर त्याला चटणी पण देईल. पण तिला भिंतीवर काढायचा नाद. कागद दिला तर घेत नाही. भिंतच हवी. दिवसभर गोल काढत बसते. डॉक्टरांनी सांगितलंय, काढू द्या, त्याने ती शांत राहते, नाही काढू दिलं तर स्वतःचे हात चावते. आणि या नादापायी चार वर्षांत तीन घरं सुटली होती.

"मालकांना मी खोटं बोलले नाही," बाई म्हणाल्या. "सगळं सांगितलंय. ते म्हणाले, अकरा महिने राहा, भिंती चांगल्या दिसल्या तर पुढचा करार करू, नाहीतर रामराम. मला रोज संध्याकाळी पुसता आलं पाहिजे, एवढंच. बाकी घर कसंही असू दे."

मल्लेशमने फडकं ओलं करून वाळल्या कोपऱ्यात फिरवलं आणि दाखवलं. फडकं पिवळं झालं. "हे डिस्टेंपर. तुम्हाला प्लास्टिक पायजे."

बाईंनी वरचा खर्च आपण देऊ म्हणून सांगितलं. मल्लेशमने अण्णांना फोन लावला. अण्णा खदखदून हसले. "भाडेकरू स्वतःच्या खर्चानं सोन्याचा पत्रा ठोकत असेल तर मी कशाला नको म्हणू बे? पण एक तारखेला किल्ली द्यायची म्हणजे द्यायची. आणि खरवडाखरवड करून माझा प्लास्टर पाडू नको."

एक तारखेला चार दिवस होते. त्या भिंतीवर डिस्टेंपरचे पाच-सहा थर, त्याखाली चुना. सगळं भिजवून पत्तीने खरवडायचं, खड्डे-भेगांत लांबी भरायची, काचपेपर मारायचा, प्रायमर द्यायचा, मग प्लास्टिकचे दोन हात. नीट केलं तर आठ-नऊ दिवस. बाईंना जुनं घर तीस तारखेला सोडायचं होतं, टेम्पो ठरला होता. आणि मल्लेशमला एक तारखेपासून होटगी रोडला एका डॉक्टरांचा बंगला सुरू करायचा होता. त्याने बाईंना हे सगळं सांगायला हवं होतं. म्हणायला हवं होतं, बाई, आठ दिवस कुठंतरी पाहुण्यांकडे काढा, मी अण्णांशी भांडतो. त्या राहिल्या असत्या. ज्या बाईने लेकीसाठी तीन घरं बदलली तिला आठ दिवस काय जड होते?

तो म्हणाला, "काळजी करू नका. एक हात डिस्टेंपर झालेलाच हाय. त्याच्यावरच दोन हात प्लास्टिक मारतो. दिसायला तेच, पुसायला तेच."

"टिकेल ना?"

"दहा वर्षं बघायला नको."

आपल्याकडे कारागीर खोटं बोलतो ते फसवायला कमी आणि समोरच्याचं तोंड पडू नये म्हणून जास्त. बाईंचं तोंड खरंच उजळलं. आणि मल्लेशमला त्या क्षणी आपण फार चांगलं काम करतोय असंच वाटलं, हे मला त्याच्याकडूनच कळलंय.

एक तारखेला किल्ली दिली. भिंती लोण्यासारख्या दिसत होत्या.

पुढे तो त्या इमारतीत कुठल्या ना कुठल्या कामाला गेला की दुसऱ्या मजल्यावर डोकवायचा. बाई चहा ठेवायच्या, मशीनवरून न उठता हाक मारायच्या, "वैजू, मामांना बसायला दे." वैजू चटई आणून द्यायची. गोरी, गुबगुबीत, दोन वेण्या, बोटं सदा निळी नाहीतर काळी. हॉलची समोरची भिंत हातभर उंचीपासून डोक्यापर्यंत गोलांनी भरलेली. मोठे गोल, लहान गोल, गोलात गोल.

"हे काय गं काढलंस?" मल्लेशमने पहिल्यांदा विचारलं तेव्हा तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की एवढं कळत नाही का या माणसाला.

"भाकरी. ही आईची. ही वैजूची. ही बाबांची, बाबा देवाकडं गेले, त्यांची थंड झाली."

"आणि माझी?"

तिने विचार केला. मग खिडकीजवळ जागा शोधून एक गोल काढला, आणि तो लहान झाला असं वाटून त्याच्याभोवती दुसरा काढला. "तू काम करतो. तुला मोठी."

संध्याकाळी बाई ओलं फडकं घेऊन सगळ्या भाकऱ्या पुसायच्या आणि वैजू टाळ्या वाजवायची, कारण सकाळी परत थापायच्या. बाई एकदा म्हणाल्या, "मामा, चार वर्षांत पहिल्यांदा मी तिला 'नको' म्हणत नाही. तुम्हाला काय सांगू!" मल्लेशम त्या दिवशी घरी जाताना बायकोला जिलेबी घेऊन गेला. कशासाठी ते त्याला सांगता आलं नाही.

सोलापूरचा पाऊस आषाढात तोंड दाखवतो आणि खरा पडतो तो भाद्रपदात. त्या वर्षी गणपती उठले आणि आठ दिवस झड लागली. न्हाणीघराच्या बाजूच्या भिंतीला ओल आली. साध्या डिस्टेंपरची भिंत ओल पिते आणि वाऱ्याला सोडून देते, डाग राहतो एवढंच. इथे वर कातडी होती. ओल आत अडकली, खालचं पीठ भिजलं, आणि भिंतीला पुरीसारखा फुगा आला.

वैजूने त्या फुग्याला बोट लावलं. तो दबला. नख लावलं, तो फुटला, आणि कडा धरून ओढल्यावर वीतभर तुकडा अलगद हातात आला. आता हे बघा, धडधाकट माणसाच्या हातातसुद्धा असं टोक आलं तर त्याला ओढल्याशिवाय राहवत नाही. वैजू तर वैजू. बाई साड्या पोचवायला नव्या पेठेत गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा न्हाणीघराची भिंत आणि हॉलची अर्धी भिंत वैजूचा हात पोचेल तिथवर सोललेली होती, खाली पिवळ्या पापुद्र्यांचा ढीग, आणि त्यात बसून वैजू हसत होती. "आई, भिंतीनं कपडे काढले."

बाईंनी मल्लेशमला फोन केला. तो म्हणाला, "उद्या येतो." तो दुसऱ्या दिवशी पोचला तेव्हा त्याच्याआधी अण्णा पोचले होते. खालच्या भाडेकरूने ओलीची तक्रार केली होती म्हणून ते बघायला आले, आणि वर आले.

अण्णा हॉलच्या मधोमध उभे होते. ओरडत नव्हते. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "बाई, मी तुम्हाला काय म्हणालो होतो? भिंती."

"अण्णा, ती काढायची, मी पुसायचे. दहा महिने एक डाग राहू दिला नाही. हे असं कसं झालं मला कळत नाही. रंगच सुटून आला."

"रंग आपोआप सुटतो होय?" अण्णा वळले. "ये बे मल्लेशम. तूच सांग. तीस वर्षं रंग मारतोस. रंगाचा दोष हाय का पोरीचा?"

मल्लेशमने खाली वाकून एक पापुद्रा उचलला. एका बाजूने गुळगुळीत पिवळा. उलटा केला. मागे डिस्टेंपरचं पीठ जाड चिकटलेलं. त्याला दुसरं काही बघायची गरज नव्हती. तो कागद वाचल्यासारखा तो तुकडा हातात धरून उभा राहिला. अण्णा वाट बघत होते, बाई वाट बघत होत्या. वैजू त्याला बघून उठून चटई आणायला गेली होती.

त्याच्या डोक्यात काय काय आलं ते त्याने मला सांगितलंय. चौदा फ्लॅट आले. अण्णा म्हणतील, मग मला फसवलंस का बे, हे आलं. थोरल्या लेकीचं लग्न माघात होतं, ते आलं. आणि सगळ्यात वर, हे तो फार हळू बोलला, बाईंपुढे आपण वाईट ठरू, ते आलं. चांगला माणूस म्हणून जो चहा दहा महिने प्याला होता, तो घशात आला.

"नख लागलंय, अण्णा," तो म्हणाला.

एवढंच. आणि गंमत अशी, की ते खोटंही नव्हतं. नख लागलंच होतं.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. रंगातलं त्यांना काय कळणार? रंगाऱ्याने सांगितलं ते खरं. त्या वळल्या, चटई अंथरत असलेल्या वैजूला दंडाला धरून उभं केलं आणि तिच्या थोबाडीत मारली. मग दुसरी मारली. मग त्या हातांवर मारायला लागल्या, त्या निळ्या-काळ्या बोटांवर, आणि मारता मारता स्वतःच रडत होत्या. "किती घरं घालवशील गं? किती?" वैजू ओरडली नाही. तिला आधी कुणी मारलंच नव्हतं, त्यामुळे काय करायचं असतं ते तिला ठाऊक नव्हतं. ती मल्लेशमकडे बघत उभी राहिली.

अण्णाच मध्ये पडले. "राहू द्या, राहू द्या बाई. अजाण लेकरू हाय." पण करार झाला नाही. ऑक्टोबर संपताना टेम्पो आला.

फ्लॅट रिकामा झाल्यावर अण्णांचा निरोप आला, डिस्टेंपर मार. मल्लेशम पत्ती घेऊन एकटाच गेला. उरलेलं प्लास्टिक आधी काढणं भाग होतं. तो लाकडी घोड्यावर चढला आणि छताला लागून, जिथे वैजू काय, अण्णांचा उंच थोरला मुलगाही पोचला नसता, तिथे पत्तीचं टोक नुसतं टेकवलं. भिंतीचा पापुद्रा हातभर लांब लोंबून खाली आला. पुढचा, त्याच्या पुढचा. सगळी भिंत तशीच होती. ओल नव्हती तिथेसुद्धा नुसती उभी होती, कुणीतरी बोट लावायची वाट बघत.

तेव्हाही तो अण्णांकडे जाऊ शकला असता. गेला नाही. त्याने ती भिंत खालच्या प्लास्टरपर्यंत खरवडली, घासली, धुतली, आणि मग वर डिस्टेंपर मारला. ज्या डिस्टेंपरला एवढ्या तयारीची काही गरज नसते.

घरी त्याची बायको यल्लव्वा विड्या वळत बसलेली असायची. नवरा जेवताना बोलत नाही, लेकीच्या लग्नातसुद्धा भिंतीला लागून बसला, हे तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. एक दिवस तिने त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. ऐकून तिने सुपातली तंबाखू खालीवर केली.

"नख तर माझं पण लागतं भिंतीला," ती म्हणाली. "आपली भिंत कुठं निघते?"

"तू मला शिकवू नको."

"मी कुठं शिकवते? तुझ्या उस्तादानं शिकवलं ते विसरला तू. मी आपलं विचारलं."

ती पुन्हा त्यावर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. भांडून माणूस मोकळा होतो. न भांडता सोडून दिलेलं बोलणं अंगात घर करतं, आणि त्या घराला भाडंही मिळत नाही.

दीड वर्ष गेलं. एका उन्हाळ्यात नव्या पेठेतल्या साडीच्या दुकानाला रंग देताना त्याने मालकाला विचारलं, फॉल-पिको करणाऱ्या एक क्षीरसागर बाई होत्या. मालक म्हणाला, आहेत की, बाळे गावाला असतात आता, महिन्यातून दोनदा येतात. पत्ता मिळाला. पुढच्या रविवारी मल्लेशमने सायकलला चार लिटरचा प्लास्टिकचा डबा, प्रायमर, लांबीची पिशवी आणि पत्ती बांधली. दोन दिवसांचं काम मनात ठरवून गेला. खालपासून खरवडायचं, एक पैसा घ्यायचा नाही. आणि सांगायचं.

चाळीसारख्या रांगेतली एक खोली. दारात शिलाई मशीन. बाई वाळल्या होत्या, केस पांढरे झाले होते, पण त्यांनी ओळखलं.

"या मामा. इकडे कुठं?"

तो आत गेला, भिंतीला टेकून बसला. भिंतीला निळा डिस्टेंपर होता, हलका, जुना, ठिकठिकाणी उडालेला. त्याची नजर सवयीने भिंतीवरून फिरली आणि मग त्याला कळेना, काय चुकतंय. थोड्या वेळाने कळलं. भिंतीवर एक रेघ नव्हती.

वैजू खोलीच्या मधोमध चटईवर बसली होती. चारही भिंतींपासून सारखी लांब. बोटं स्वच्छ होती. मनगटांच्या वर, हातांवर, दातांचे जुने-नवे वण होते.

"बाई, मी सामान आणलंय," मल्लेशम म्हणाला. "प्लास्टिक. या वेळी नीट करतो, खालपासून. दोन दिवसांत होईल. पैशाचं नाव काढू नका."

"कशाला? आम्हाला डिस्टेंपर चालतं आता," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "ती लावत नाही हात. शिकली."

मग मल्लेशमने सांगितलं. पीठ, कातडी, चार दिवस, डॉक्टरांचा बंगला, छताजवळचे पापुद्रे, सगळं. मध्ये थांबला नाही, कारण थांबला असता तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. बाईंनी मशीन थांबवलं. हातातली साडी खाली ठेवली नाही.

"म्हणजे पोरीनं काही केलं नव्हतं."

"टोक निघालं होतं, ते तिनं ओढलं. तिनं नसतं ओढलं तरी ते पडणारच होतं."

"तुम्हाला हे नंतर कळलं?"

इथे एक सोपी वाट होती. मल्लेशमला ती दिसली. पण त्याने या वेळी ती घेतली नाही.

"न्हाई. तुकडा उलटा केला तेव्हाच."

"म्हणजे मी तिला मारलं, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"होय."

बाहेर कुणीतरी नळावर घागर ठेवली. बाईंनी साडीचा पदर सारखा केला, सुई त्यात टोचून ठेवली आणि म्हणाल्या, "मला कशाला सांगता मामा? मला मारलं नव्हतं. तिला सांगा."

मल्लेशम वैजूकडे वळला. बसल्या जागेवरूनच मान पुढे केली. काय बोलायचं ते तो सायकलवर सगळ्या वाटेने घोकत आला होता, पण ते बाईंसाठी होतं. वैजूसाठी त्याच्याकडे काही नव्हतं.

"वैजू, ओळखलं का मला? तू माझी भाकरी काढली होतीस." त्याने खिशातली निशाणी मारायची निळी पेन्सिल काढून पुढे केली. "तुझं काही चुकलं नव्हतं बघ. भिंत मी वाईट केली होती. माझं चुकलं. घे, काढ. कुठं पण काढ."

वैजूने पेन्सिलीकडे पाहिलं. तिचा उजवा हात थोडा उचलला गेला. मग तिने आईकडे पाहिलं, आणि दोन्ही हात पटकन मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसली. घट्ट, हलणार नाहीत असे. आणि मग, आपल्याला शिकवलेलं दुसऱ्याला शिकवायला मिळतंय म्हणून असेल, ती त्याच्याकडे झुकली आणि त्याला दटावून सांगू लागली.

"भिंतीला लागायचं नाही. रंग जातो. मग घर जातं."

मल्लेशमची पाठ भिंतीला टेकलेली होती. तो पुढे सरकून बसला.